मदत हवी आहे: आजोबांच्या डायरीतला 'टी' म्हणजे काय?

आजोबा १९४२ च्या ब्रह्मदेशातल्या माघारीत फील्ड हॉस्पिटलात डॉक्टर होते, नुकतेच पास झालेले. मे महिन्यातली, चिंदविनकाठची नोंद:

"सतरा जखमी. बँडेज धुऊन परत वापरतोय. एकाच्या कपाळावर पेन्सिलीने 'एम, पाव, ४.२०', मनगटावर 'टी'. उभ्याउभ्याच डोळा लागला."

'एम' कळलं: पाव ग्रेन मॉर्फिया आणि वेळ. गारठलेल्या जखमीच्या अंगात औषध लवकर भिनत नाही. पुढच्या डॉक्टरने न कळून पुन्हा टोचलं, तर ऊब आल्यावर दोन्ही डोस एकदम चढतात आणि श्वास मंदावतो.

पण 'टी' धनुर्वाताच्या इंजेक्शनचा, की रक्त थांबवायला आवळलेल्या पट्ट्याचा? पट्टा असता तर वेळ लिहिली असती ना? लष्करी वैद्यकातलं कुणी आहे का इथे?