लग्नाला येता येणार नाही, हे तुम्ही कसं कळवलंत?

मीरा_ऐरोली
काल देव्हारा आवरताना अक्षतांची जुनी पुडी सापडली आणि नौपाड्याच्या आमच्या शेजारच्या काकू आठवल्या. लेकीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला भर उन्हात ऐरोलीला आल्या होत्या, पत्रिका, अक्षता, कुंकू सगळं रीतसर. लग्न सांगलीला आणि त्याच आठवड्यात पोराची दहावी. मी त्यांचा हात धरून तिथल्या तिथे सांगितलं, "काकू, एवढ्या आठवणीने आलात, फार बरं वाटलं. पण लग्नाला नाही येता येणार, याचे पेपर आहेत. तिला केळवणाला माझ्याकडे पाठवा." जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या बरं झालं आत्ताच बोललीस, तिकडे खोल्या ठरवायच्यात. केळवणाला लेक आली, पुरणपोळी केली, ओटी भरली, आहेर तेव्हाच दिला. मुहूर्ताला इथूनच अक्षता देवापुढे वाहिल्या. फोन मात्र दुसऱ्या दिवशी केला, लग्नघरात त्या दिवशी कोण उचलणार. तुम्ही काय केलंत, लिहा.

सुहास_कळवा
केटरिंगचा धंदा आहे म्हणून सांगतो. आम्ही पानांचा आकडा साधारण आठवडाभर आधी पक्का घेतो. नंतर थोडी पानं वाढवता येतात, कमी होत नाहीत, कारण श्रीखंड, भाजी, वाढपी सगळं सांगून झालेलं असतं, आणि सांगितलेल्या पानांचे पैसे यजमानाला द्यावेच लागतात. गेल्या सीझनला एका लग्नात ४०० पानं सांगितली, जेवले ३१०. मुलीचे वडील शेवटी माझ्याशेजारी बसून यादी बघत होते, कोण कोण "बघतो, जमवतो" म्हणाले होते ते. ती सगळी माणसं त्यांनी धरली होती. नाही म्हणणाऱ्याचा राग दोन दिवसांत जातो हो, पण नाही म्हणायचं तर आकडा जायच्या आधी म्हणा.

प्राची७७
९० पानं!! बापरे

वैशाली_खारघर
आमच्याकडे सुतक होतं तेव्हा मी काहीच कळवलं नाही, सुतकात शुभेच्छा पण देत नाहीत ना, अशुभ मानतात

आजी_डोंबिवलीहून_ठाण्यात
वैशाली, सुतकात कार्याला जात नाहीत हे बरोबर, पण फोन करायला काय हरकत? आमच्याकडे दहा दिवस धरतात, तेवढ्यात लग्न आलं तर फोनवर "सुतक आहे, येत नाही, जोडप्याला आशीर्वाद सांगा" एवढंच बोलायचो आणि आहेर नंतर घरी जाऊन. काही घरांत फोनही करत नाहीत म्हणा, त्यांचं त्यांनी बघावं.

निखिल_घणसोली
आम्ही पत्रिकेत स्पष्ट छापलं होतं आहेर आणू नये, तरी निम्म्या लोकांनी पाकिटं दिली, त्याचं काय करायचं सांगा

प्राची७७
निखिल धागा न येण्याबद्दल आहे 😄 पण हो, आमच्याकडेही तेच

श्रद्धा_घोडबंदर
मला एक विचारायचंय, कारण सांगायलाच हवं का? जवळच्या मैत्रिणीच्या भावाचं लग्न होतं वाशीला, माझी ट्रीटमेंट चालू होती आणि ते कुणाला सांगायचं नव्हतं. ग्रुपवर पत्रिका आली होती, पण मी ग्रुपवर न लिहिता तिला वेगळा मेसेज केला: "पत्रिका पाहिली, सुंदर आहे. मला आठवणीने बोलावलंस, खूप छान वाटलं. त्या दिवशी मला नाही येता येणार गं, मनातून तुमच्यासोबतच आहे. दोघांना खूप खूप शुभेच्छा, फोटो नक्की पाठव, आणि वहिनी आल्या की तुम्ही सगळे माझ्याकडे जेवायला या." तिने कारण विचारलंच नाही. सासूबाईंना मात्र अजून वाटतं की सांगायला हवं होतं.

सुहास_कळवा
मित्र असेल तर नाही सांगितलं तरी चालतं. नात्यात नाही चालत, नाहीतर कारण लोकच ठरवतात.

मीरा_ऐरोली
मला नाही पटत सुहासदादा. श्रद्धाने जेवायला बोलावलं ना, मग रुसलीये असं कोण म्हणेल? कारणापेक्षा ते जास्त पोचतं.

आजी_डोंबिवलीहून_ठाण्यात
मीरा, सख्खा मामा असेल तर जेवायला बोलावून भागत नाही गं. तिथे घरातल्या एकाने तरी अक्षता टाकायला जायचंच.

वैशाली_खारघर
आणि आहेर जीपेवर पाठवला तर? रविवारी चुलतबहिणीचं लग्न कल्याणला, नेमका मेगाब्लॉक, आणि पोरगी तापाने फणफणलीये. सकाळीच फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, काकी म्हणाली पोरीला सांभाळ, पण आहेराचं विचारायला कसंतरी झालं

निखिल_घणसोली
पाठवा की, मी दोनदा पाठवलाय, ५०१ आणि खाली आशीर्वाद लिहायचे

आजी_डोंबिवलीहून_ठाण्यात
नको गं. पोरगी बरी झाली की दोघी जा, नवरीची ओटी भर, पाकीट हातात दे. ताप किती आहे? नाचणीची पेज दे तिला.

वैशाली_खारघर
१०१ होता, आता उतरलाय आजी. पेज नको म्हणते, वरणभात खाल्ला थोडा.