मदत हवी आहे: मुक्त फुगवण आणि फुगवण दाब यांचा मेळ बसत नाही

नमस्कार. रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या एका कुंपणभिंतीच्या पायासाठी काढलेल्या चिकणमातीची, ४२५ मायक्रॉन चाळणीतून गाळून भट्टीत वाळवलेली १० ग्रॅम पूड २४ तासांनंतर ऊर्ध्वपातित पाण्यात २१ मिली आणि रॉकेलमध्ये १२ मिली भरली. म्हणजे फ्री स्वेल इंडेक्स ७५ टक्के आला. त्याच थराच्या अखंड, ओल्या नमुन्याचा कन्सॉलिडोमीटरमधील फुगवण दाब मात्र जेमतेम १५ किलोपास्कल मिळाला. नमुना आधीच पाण्याने भरलेला असल्याने फुगायला वाव उरला नसावा, असा माझा कयास आहे. शिवाय छिद्रांतले खारे पाणीही फुगवण दाबून धरते. पाया उन्हाळ्यात सुकणाऱ्या पट्ट्यात येतो, म्हणून नमुना आधी हवेत सुकवून, आकसल्यावर कड्यात बसेल असा तासून, स्थिर आकारमान पद्धतीने पुन्हा तपासावा का, आणि पाणी खाडीचे वापरावे की ऊर्ध्वपातित? जाणकारांनी कृपया सांगावे.