मदत हवी आहे: पावसात फोन बंद पडला, सहाला दराचा फोन येणार आहे

मंडळी, मुलाच्या फोनवरून लिहितोय. सकाळी मक्याच्या ढिगावर ताडपत्री ओढत असताना पाऊस कोसळला. फोन सदऱ्याच्या खिशात होता. घरी येईपर्यंत स्क्रीन दोनदा लुकलुकली आणि काळी पडली. घाबरून मी लगेच चार्जरला लावला, तर पिन गरम लागली. तशी ओढून काढली. ते करायला नको होतं, ओल असताना आतून वीज वाहिली की आतले भाग जळू शकतात. आता कॅमेऱ्याच्या काचेआड वाफ दिसतेय.

तांदळात ठेवलेला नाही, त्याची भुकटी खाचेत जाते. चार्जिंगची खाच खाली करून पंख्यासमोर उभा ठेवलाय. किती तासांनी चालू करून बघू?

सिम मुलाच्या फोनमध्ये टाकलंय, त्यामुळे व्यापाऱ्यांचा फोन येईल. पण इथे रेंज सारखी जाते आणि त्यांचा नंबर सिमवर नाही, वहीतही नाही. या फोनवर माझं गूगल खातं उघडलं तर नंबर मिळेल का? पासवर्ड आठवत नाही. मका ओला आहे, आज दर ठरला नाही तर बुरशी धरेल.