दोन इनपुट, पण चांगले

"गावातल्या भजन मंडळाचं रेकॉर्डिंग करायचंय, डायनॅमिक माइक आहे. चार इनपुटचा स्वस्त ऑडिओ इंटरफेस घेऊ की दोनचा चांगला?"

भाऊ, दोनचाच घ्या. आधी गायक आणि पेटी सोबत घ्या, मग तेच हेडफोनवर ऐकत खंजिरी वेगळ्या ट्रॅकवर वाजवा. डायनॅमिक माइकला 50-60 डेसिबल गेन लागतो. माझ्या पहिल्या इंटरफेसचा गेन टोकाला नेला की तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी सळसळ यायची; दोन कडव्यांमधल्या शांततेत ती फार टोचायची. म्हणून यवतमाळला घ्यायला जाल तेव्हा आपलाच माइक न्या, वीतभर अंतरावरून हळू बोला, हेडफोनवर ऐका. विंडोज असेल तर हेडफोनवर आवाज उशिरा येऊ नये म्हणून कंपनीचा स्वतःचा ASIO ड्रायव्हर आहे का, हेही बघा. नुसतं ASIO4ALL हा कुठल्याही इंटरफेसला चालणारा फुकटचा ड्रायव्हर टाका म्हणाले, तर तो इंटरफेस सोडा.