मदत हवी आहे : कण्हेरीच्या पानात रक्षक पेशी दिसत नाहीत

अकरावीच्या प्रॅक्टिकलसाठी कण्हेरीच्या पानाचे आडवे छेद घेतेय. गाजराच्या फटीत पान धरून नव्या ब्लेडने कापते, सॅफ्रानिन लावून ग्लिसरीनमध्ये बघते. (चीक विषारी, म्हणून हात लगेच धुते.) वरच्या अपित्वचेचे थर आणि त्याखाली दाटीने उभ्या पॅलिसेड पेशी छान दिसतात. खालच्या बाजूला केसाळ खड्डेही दिसतात. पर्णरंध्रं याच खड्ड्यांत असतात, पण रक्षक पेशी काही सापडत नाहीत. छेद जाड पडतोय, की केसांमुळे झाकल्या जातात? केस न तुटता पातळ छेद कसा घ्यायचा?

दुसरं, मुलं विचारतात की रंध्रं खाली, मग कार्बन डायऑक्साइड वरच्या पॅलिसेडपर्यंत पोचतो कसा? मी सांगते, स्पंजी ऊतीतल्या पोकळ्यांतून. पाण्यापेक्षा हवेत वायू सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतो, आणि पॅलिसेड पेशींमध्येही बारीक फटी असतात. हरितलवके त्या फटींलगतच्या भिंतींना चिकटून असतात. ऑक्सिजन त्याच वाटेने बाहेर जातो. पण माझ्या छेदात या फटी दिसतच नाहीत. त्या नीट दाखवायला दुसरं कुठलं पान घेऊ?