साध्या अक्षावर घातांकी वाढ ओळखायची कशी? (मदत हवी आहे, तातडीने)

चहाबाज
उद्या सकाळी दहाला वर्गात दाखवायचंय. इटलीचा मार्च २०२० चा करोनाचा आलेख काढलाय. रेघ वर जातेय, पण ती घातांकी की सरळ? मित्र म्हणतो घातांकी, मला शेवटचा भाग पट्टीने आखल्यासारखा दिसतो. अक्ष साधाच हवा, सरांनी बजावलंय. कसं ठरवू?

पाणचक्की
एकूण रुग्ण की रोजचे नवे? आकडे द्या की. आलेख न बघता काय सांगणार?

कोकणी_मेवा
Excel मध्ये उभ्या अक्षावर राइट क्लिक, Format Axis, मग Logarithmic scale वर टिक. रेघ सरळ आली की घातांकी. दोन मिनिटांचं काम.

चहाबाज
अहो, साधा अक्ष म्हटलंय ना वर! एकूण रुग्ण आहेत. चित्र चिकटत नाहीये, दर चार दिवसांचे आकडे देतो. १ मार्च १,६९४. ५ ला ३,८५८. ९ ला ९,१७२. १३ ला १७,६६०. १७ ला ३१,५०६. २१ ला ५३,५७८. २५ ला ७४,३८६. २९ ला ९७,६८९.

बाभूळबन
सोपंय. रेघ वर वळत गेली की घातांकी, नाही वळली की सरळ.

पाणचक्की
@बाभूळबन, अर्धंच बरोबर. १, ४, ९, १६, २५ ही वर्गांची रेघही वर वळते, ती कुठे घातांकी आहे? वळण एवढंच सांगतं की भर वाढतेय. किती पटीने वाढतेय हे डोळ्याला कळत नाही.

चहाबाज, डोळा आणखी एका ठिकाणी फसतो. आलेख २० सेंटिमीटर उंच आणि वरचं टोक एक लाख धरा. १ मार्चचा ठिपका तळापासून जेमतेम ३ मिलिमीटरवर येतो, ९ मार्चचा दोन सेंटिमीटरच्याही खाली. म्हणजे वेग सगळ्यात जास्त होता तेव्हाच रेघ जमिनीला चिकटलेली दिसते. तोच आलेख ९ मार्चलाच थांबवून टोक दहा हजार केलंत, तर तीच रेघ कड्यासारखी उभी राहील.

म्हणून वजाबाकी करा. चार-चार दिवसांची भर अशी येते: २,१६४, ५,३१४, ८,४८८, १३,८४६, २२,०७२, २०,८०८, २३,३०३. आता प्रत्येक भर आधीच्या किती पट? आधी सुमारे अडीच, मग तीनदा लागोपाठ १.६, आणि शेवटी एकाच्या आसपास. पट टिकून आहे तोवर घातांकी, भरच टिकून आहे तिथे सरळ. २१ तारखेपर्यंत मित्र बरोबर, त्यानंतर तुम्ही.

कोकणी_मेवा
वजाबाकी कशाला? एकूण आकड्यांचाच भागाकार करा, =B3/B2 लिहून खाली ओढा. २.३, २.४, १.९, १.८, १.७, १.४, १.३. पट ९ तारखेनंतरच घसरलीय. म्हणजे घातांकी वाढ तिथेच संपली.

पाणचक्की
संपली नाही, मंदावली. एकूण आकडा मागचं सगळं ओझं घेऊन चालतो, त्यामुळे वेग बदलला की त्याची पट बरेच दिवस हळूहळू उतरत राहते. भर मात्र २१ पर्यंत साधारण सहा दिवसांत दुप्पट होत होती.

सोसायटीचा_सेक्रेटरी
आमच्या बिल्डिंगमध्ये डेंग्यूचे आधी एक, मग दोन, मग चार रुग्ण झाले होते. टाकी झाकली, कुंड्यांखालच्या बशा उपड्या केल्या, थांबलं. आलेख कसले काढता?

बाभूळबन
सात रुग्णांत काय घातांकी ओळखणार, काका? :) बाय द वे, शब्द ‘घातीय’ आहे ना?

चहाबाज
शब्दावरून नको प्लीज. रोजच्या आकड्यांवर तीच पट काढली तर? १० मार्चला मध्येच भर कोसळते, ९७७ फक्त. आदल्या दिवशी १,७९७, दुसऱ्या दिवशी २,३१३.

पाणचक्की
त्या दिवशी लोम्बार्दीचे आकडे अपुरे आले होते, साथ थांबली नव्हती. म्हणूनच चार दिवसांची मोट बांधायची, एका दिवसाचा खड्डा त्यात बुजतो. फार मोठी मोटही नको, वेग कधी बदलला ते त्यातच हरवेल.

कोकणी_मेवा
आणि २१ नंतर सरळ झाली ती टाळेबंदीने. देशभर १० मार्चपासून लागू होती. अकरा दिवस लक्षणं आणि तपासणीत गेले. हिशोब जुळतो.

पाणचक्की
जुळतो, पण रोज ठरावीकच चाचण्या होत असतील तरी भर अशीच एका पातळीवर अडकते. साथ वाढत राहते, रेघ सरळ दिसते. नुसत्या या आठ आकड्यांवरून दोन्हींतला फरक सांगता येणार नाही. लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेनुसार आकडे आणि रोजच्या चाचण्या, दोन्ही हवं.

चहाबाज
ते आज रात्रीत होत नाही. रेघ ठेवतो आणि खाली चार-चार दिवसांच्या भरीचे सात स्तंभ लावतो, अक्ष साधाच. सरांनी चाचण्यांचं विचारलं तर उद्या परत येतो इथे.