करंट सारखा जातोय : बिल्डिंगच्या मॅनेजमेंटला पत्र द्यावं का?

टिळकवाडी_तिसरा_मजला : आमचं अकाउंटिंगचं ऑफिस आहे. गेला महिनाभर दुपारी तीनच्या सुमारास करंट जातोय. खालच्या दुकानांत चालू, लिफ्टही चालू. वॉचमन मीटर रूममध्ये जाऊन ब्रेकर वर करतो, मग येतो. जीएसटीचं काम अर्ध्यात अडकतं. लेखी पत्र द्यावं म्हणतोय, पार्टनर म्हणतो संबंध बिघडतील. काय करावं?

खानापूरकर : पत्रबित्र कशाला? १९१२ ला फोन लावा की. आमच्याकडं पावसात झाड पडलं की दोन-दोन दिवस करंट नसतो, तेव्हा कुठल्या मॅनेजमेंटला लिहायचं सांगा.

उद्यमबागचा_वायरमन : दादा, तुमचं झाड आणि त्यांचा ब्रेकर ह्या दोन वेगळ्या भानगडी आहेत. खाली लाईट आहे, लिफ्ट चालतेय, म्हणजे बाहेरून पुरवठा येतोय. १९१२ वाला माणूस मीटरपर्यंत बघून परत जाणार. बिघाड बिल्डिंगच्या आत आहे, तेव्हा पत्र बिल्डिंगलाच द्यायचं.

अण्णा_शहापूर : सरळ हिशोब आहे. लोड वाढलाय, ब्रेकर लहान पडतोय. ४० चा असेल तर ६३ चा टाकून घ्या, पाचशे-हजारात काम होतं. पत्र लिहून महिनाभर वाट कोण बघणार?

उद्यमबागचा_वायरमन : अण्णा, लोड वाढलाय हे बरोबर, पण औषध चुकीचं. ब्रेकर वायर वाचवायला असतो. मागची वायर ४० च्या हिशोबाची असेल तर ६३ चा ब्रेकर पडायच्या आधी वायर तापेल. असल्या कामाला हात लावू नका.

मागं एका ऑफिसला हीच तक्रार होती. दुपारी सगळे एसी चालू असताना क्लँप मीटर लावला. एका फेजवर ५२ अँपिअर, दुसरीवर १८, तिसरीवर १४. ब्रेकर ४० चा. नंतर वाढवलेले सगळे एसी कुणीतरी एकाच फेजवर ओढले होते. तिन्ही मिळून ८४ झाले, म्हणजे सारखे वाटले तर फेजमागं २८, आरामात बसतं. ब्रेकर तिन्ही फेजना मिळून एकच असतो, त्यामुळं एकीवर भार चढला तरी अख्खा मजला जातो. आणि ४० चा ब्रेकर ५२ ला लगेच पडत नाही, तापत तापत काही वेळानं पडतो. म्हणून जेवणानंतर एसी लावले की तीनच्या सुमारास. शॉर्ट असता तर वर करताक्षणीच परत पडला असता.

आकडे ४० च्या आत असूनही पडत असेल तर सैल जोड बघायचा. टर्मिनलजवळ वायरचं कव्हर काळवंडलेलं दिसतं, जळका वास येतो. पॅनल उघडायचं ते परवानाधारक इलेक्ट्रिशियननंच, वॉचमननं नव्हे.

निपाणीची_मीनल : मग तर पत्र नकोच! भार ह्यांच्याच एसींचा निघाला तर मॅनेजमेंट पत्र दाखवून म्हणणार, खर्च तुम्हीच द्या. आधी आपल्या माणसाकडून मोजून घ्या, मग तोंडी बोला. वर एक यूपीएस घ्या, मोठा नको, कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता.

उद्यमबागचा_वायरमन : यूपीएस घ्याच, पण ब्रेकर पडायचा थांबणार नाही. तोंडी सांगितलेलं वॉचमनपाशीच राहतं, ताई. त्या मजल्यावर दुसरंही ऑफिस असेल तर भार कुणाचा हे मोजल्याशिवाय कळणार कसं? आणि मीटर रूमची किल्ली मॅनेजमेंटकडं.

पत्रात "वारंवार वीज जाते, नुकसान होते" एवढंच लिहिलंत तर "हेस्कॉमला कळवा" असं उत्तर येतं. असं लिहा :

*"दि. ३, ५ व १० रोजी दुपारी २.५० ते ३.३० च्या दरम्यान तिसऱ्या मजल्याचा पुरवठा बंद पडला. त्या वेळी तळमजला व लिफ्ट चालू होती. मीटर रूममधील आमच्या मजल्याचा ब्रेकर पडलेला होता, तो वर केल्यावर पुरवठा आला. कृपया इलेक्ट्रिशियनकडून दुपारी तीन वाजता तिन्ही फेजचा भार मोजून घ्यावा, जोड तपासावेत आणि आकडे आम्हाला लेखी कळवावेत."*

तारखा अर्थात तुमच्या घाला. ब्रेकर पडलेला असतानाचा फोटो जोडा. नुकसानभरपाईचा विषय पहिल्या पत्रात काढू नका, ते लगेच वकील शोधतात.

टिळकवाडी_तिसरा_मजला : समोरच्या ऑफिसनं उन्हाळ्यात दोन एसी बसवलेत खरे. आमचा मॅनेजर कन्नड, पत्र इंग्रजीत देऊ का?

उद्यमबागचा_वायरमन : इंग्रजीत द्या, पोच घ्या, आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कन्नडमध्ये दोन ओळी लिहून पाठवा. समोरच्यांचीही सही घेता आली तर बघा, त्यांचाही करंट जात असणार.

निपाणीची_मीनल : समोरचे सही करतील? त्यांच्याच एसींचा भार निघाला तर? मला नाही वाटत. आणि फेज बदलायचा खर्च कुणी द्यायचा, ते भाडेकरारात आहे का आधी बघा. आमच्या करारात "आतलं वायरिंग भाडेकरूचं" असं लिहिलं होतं, पण आतलं म्हणजे मीटरच्या कुठल्या बाजूचं, ह्यावरच मालकाशी वर्षभर वाद चालला.

अण्णा_शहापूर : तरी ६३ चा ब्रेकर आणि जाड वायर, दोन्ही बदलली तर?

उद्यमबागचा_वायरमन : तर चालेल, पण मंजूर भार पुरतो का ते आधी बघावं लागेल, आणि खर्च कितीतरी पट. एसींची फेज बदलणं अर्ध्या दिवसाचं काम आहे.